नफ्याचे शेकडे : खर्चावरचे आणि विक्रीवरचे

(कुरुंदवाड येथे परिसरातील ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व विस्तार अधिकारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावरील नृसिंहवाडी कुरुंदवाडच्या अगदी शेजारी आहे. दत्तदर्शनास येणारा यात्रेकरू पेढे, बासुंदी किंवा कवठाची बर्फी घेतल्यावाचून सहसा परतत नाही. या मागणीकडे पाहून एखाद्या महिला बचत गटाने पेढे करण्याचे ठरविले, असे समजू. खवा, साखर, जळण, खोके आणि मजुरी मिळून अर्ध्या किलोच्या एका खोक्यास १२० रुपये खर्च येतो. गटाने त्यावर शेकडा २५ नफा धरला आणि खोक्याची किंमत १५० रुपये ठरविली. वाटेवरच्या दुकानदाराने माल ठेवून घेण्याचे मान्य केले, मात्र शेकडा २० मार्जिन मागितले. गटाने विचार केला की, पंचविसातून वीस गेले तरी पाच उरतात. खोक्यामागे ६ रुपये सुटतील आणि महिन्याला २०० खोकी खपली तर १,२०० रुपये हाती येतील.

प्रत्यक्षात या व्यवहारात एक पैसाही उरत नाही. दुकानदाराचे वीस टक्के हे १२० रुपयांवरचे नसून १५० रुपयांवरचे असतात. ते ३० रुपये होतात. दीडशेतून तीस वजा जाता गटाच्या हाती १२० रुपये येतात, म्हणजे नेमका खर्च. त्यातच दहा खोकी न खपता आंबून परत आली, तर १,२०० रुपयांचा नफा दूरच राहिला, तेवढाच तोटा पदरी पडतो. दुकानदाराने फसविलेले नसते आणि गटाची बेरीजही चुकलेली नसते. चूक इतकीच की, वेगवेगळ्या रकमांवर काढलेले दोन शेकडे एकमेकांतून वजा केले गेले.

या दोहोंतील भेद जुन्या आणेवारीच्या भाषेत चांगला कळतो. १९५७ साली दशमान नाणी आली, तोपर्यंत रुपयाचे आणे सोळा होते. ‘सोळा आण्यांवर चार आणे’ याचा अर्थ असा की, माल सोळा आण्यांना पडला, त्यावर चार चढविले आणि तो वीस आण्यांना विकला. ‘सोळा आण्यांत चार आणे’ याचा अर्थ मात्र निराळा. माल सोळा आण्यांना विकला गेला, त्यातले चार आणे नफ्याचे आणि बारा आणे मूळ खर्चाचे. दोन्हीकडे नफा चार आणेच. परंतु ‘वर’ म्हणताना आपण खर्चाकडे पाहतो आणि ‘त’ म्हणताना विक्रीकडे. पहिला खर्चावरील शेकडा नफा, दुसरा विक्रीवरील शेकडा नफा. व्यापारी ज्याला मार्जिन म्हणतात, ते बहुधा हे दुसरे.

शिक्षकांच्या लक्षात येईल की, शाळेच्या अंकगणितातही हे दोन्ही आधार आहेत. शेकडा नफातोटा खरेदी किमतीवर काढावयास शिकवितात. सूट मात्र छापील किमतीवर आणि दलालाचे कमिशन विक्री किमतीवर काढावयाचे असते. प्रत्येक प्रकरण आपापल्या जागी बरोबर आहे. परंतु ती निरनिराळी शिकविली जातात आणि बाजारात एकाच मालावर एकाच दिवशी लागू होतात. दोन्ही प्रकरणे जोडणारे एखादे उदाहरण फळ्यावर सोडविले, तर विद्यार्थ्यास हा भेद तेथेच दिसेल.

आता एकाचे रूपांतर दुसऱ्यात कसे करावे ते पाहू. त्यासाठी सूत्र पाठ करण्याची गरज नाही. खर्च १०० रुपये धरावा. त्यावर २५ नफा घेतला की विक्री १२५ होते. सव्वाशेत पंचवीस म्हणजे पाचवा हिस्सा, अर्थात शेकडा २०. खर्चावरचे २५ आणि विक्रीवरचे २० ही एकाच नफ्याची दोन नावे झाली, आणि गटाचा सारा नफा दुकानदाराच्या विसांत का गेला याचा उलगडा येथेच होतो. उलट जावयाचे असेल तर विक्री १०० धरावी. तीत २० नफा असेल तर खर्च ८०. ऐंशीवर वीस म्हणजे चौथा हिस्सा, अर्थात शेकडा २५.

अपूर्णांकांत हे आणखी सोपे आहे. खर्चाचा चौथा हिस्सा नफा असेल तर तो विक्रीचा पाचवा हिस्सा असतो. खर्चाचा तिसरा हिस्सा तो विक्रीचा चौथा, खर्चाचा निम्मा तो विक्रीचा तिसरा, आणि खर्चाइतकाच नफा असेल तर तो विक्रीच्या निम्मा. खर्चाकडून विक्रीकडे जाताना छेद एकाने वाढतो, परतताना एकाने कमी होतो. खर्चावर १० टक्के हा विक्रीवर सुमारे ९ टक्के होतो, म्हणून लहान नफ्यात हा फरक डोळ्यांत भरत नाही. नफा वाढत जातो तसतसे अंतर रुंदावते. खर्चावरचा नफा शंभर टक्क्यांच्याही पुढे जाऊ शकतो. विक्रीवरचा शंभरापर्यंत कधीच पोहोचत नाही, कारण विक्रीच्या रकमेत खर्चाचा वाटा असतोच. कोणी १५० टक्के नफा सांगितला, तर तो खर्चावरचाच आहे हे न विचारता ओळखावे.

मग गटाने किंमत कशी ठरवावयास हवी होती? आधी स्वतःच्या हाती काय यावयास हवे, ते ठरवावे. १२० रुपये खर्चावर निदान दहा टक्के, म्हणजे १२ रुपये सुटावेत अशी अपेक्षा असेल, तर हाती १३२ रुपये आले पाहिजेत. दुकानदार विक्रीच्या शंभरातले वीस घेतो, म्हणून गटाचे १३२ रुपये हे विक्रीच्या शंभरातील ऐंशी होत. एकशे बत्तीसला ऐंशीने भागून शंभराने गुणले की १६५ रुपये येतात. ताळा पाहावा : १६५ चे वीस टक्के ३३, उरले १३२. येथे अनेकजण १३२ वर वीस टक्के चढवून १५८ रुपये ४० पैसे किंमत लावतात. दुकानदार त्याचे वीस टक्के, म्हणजे ३१ रुपये ६८ पैसे कापून घेतो, हाती १२६ रुपये ७२ पैसे येतात आणि बाराऐवजी ६ रुपये ७२ पैसेच सुटतात. १६५ रुपयांना गिऱ्हाईक मिळणार नसेल, तर खर्च कमी करता येतो का किंवा दुकानदार कमी घेईल का, हे पाहावे लागेल. पण तो निर्णय माल ठेवण्यापूर्वी होतो. विक्री किमतीत कर धरलेला असेल, तर दुकानदाराचे टक्के करासह किमतीवर की कर वगळून, हेही आधीच ठरवून घ्यावे.

हीच चूक सूट देतानाही घडते. खर्चावर शेकडा २५ चढविले आहेत, म्हणून उरलेला माल शेकडा २५ सूट देऊन विकला तर निदान खर्च निघेल, असे वाटते. परंतु १५० चे पंचवीस टक्के साडेसदतीस होतात आणि माल ११२ रुपये ५० पैशांना जातो. खोक्यामागे साडेसात रुपये तोटा. खर्च भरून येईल अशी सूट शेकडा २० पर्यंतच.

संस्थेचे हिशेब पाहणाऱ्यांनी आणखी एका प्रसंगी सावध राहावयास हवे. गटाच्या विक्रीकेंद्रावर खर्चाच्या दराने ४०,००० रुपयांचा माल होता आणि सर्व मालावर खर्चाच्या शेकडा २५ नफा लावलेला आहे, असे समजू. महिनाअखेर विक्री ३०,००० रुपये झाली. तपासणाऱ्याने विक्रीतून २५ टक्के वजा केले, विकलेल्या मालाचा खर्च २२,५०० रुपये धरला आणि १७,५०० रुपयांचा माल शिल्लक असावयास हवा असे ठरविले. मोजला तर तो १६,००० रुपयांचा भरला. दीड हजारांचा माल कोठे गेला, असा प्रश्न केंद्रावर बसणाऱ्या बाईला विचारला जाईल. वस्तुतः एकही खोके गेलेले नाही. खर्चावरचे पंचवीस म्हणजे विक्रीवरचे वीस. तीस हजारांचे वीस टक्के ६,०००, विकलेल्या मालाचा खर्च २४,०००, आणि शिल्लक बरोबर १६,०००. टक्क्यांचा आधार न पाहता काढलेली तूट एखाद्या प्रामाणिक व्यक्तीच्या नावावर बसू शकते. म्हणून तूट दिसताच प्रथम ती टक्क्यांच्या आधारातील फरकाएवढीच आहे काय, हे पडताळावे.

कायद्याच्या भाषेतही हा आधार किती मोलाचा आहे, हे औषधांच्या किमतींवरून दिसते. केंद्र सरकारच्या १९९५ सालच्या औषध किंमत नियंत्रण आदेशात अनुसूचित औषधे किरकोळ विक्रेत्यास किरकोळ किमतीतून शेकडा १६ वजा करून द्यावीत, अशी तरतूद होती. २०१३ सालच्या आदेशानेही विक्रेत्यास शेकडा १६ दिले. मात्र ते विक्रेत्यास ज्या किमतीला औषध पडते तिच्यावर. आकडा तोच राहिला, आधार बदलला. कर बाजूला ठेवून १०० रुपये किमतीचे औषध घेतले, तर पहिल्या रीतीने विक्रेत्यास ते ८४ रुपयांना पडते आणि १६ रुपये सुटतात. दुसऱ्या रीतीने ते सुमारे ८६ रुपये २१ पैशांना पडते आणि १३ रुपये ७९ पैसे सुटतात. दोन्ही आदेशांत आधार स्पष्ट लिहिलेला आहे, म्हणूनच हा फरक मोजता येतो.

गावपातळीवरच्या ठरावात आणि करारात अशी स्पष्टता क्वचित आढळते. ‘विक्रेत्यास शेकडा २० देण्यात यावेत’ हे वाक्य अपुरे आहे. ‘विक्री किमतीच्या शेकडा २०’ किंवा ‘संस्थेस पडलेल्या खर्चावर शेकडा २०’ असे लिहावे आणि त्यापुढे एका नगाचा हिशेब रुपयांत मांडावा : खर्च इतका, विक्री इतकी, विक्रेत्यास इतके, संस्थेस इतके. या चार रकमांचा मेळ बसला की टक्के कशावरचे याविषयी वाद उरत नाही. आणि मेळ बसत नसेल, तर ते सही होण्यापूर्वीच कळते.