ढगातला ढ
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. मी एकाच अक्षराबद्दल बोलणार आहे. ढ. आपल्या वर्गात या अक्षरावर खरा हक्क आम्हा मागच्या बाकावरच्यांचा. पण ते आडनावात होतं पहिल्या बाकावरच्या ढगेच्या.

आठवीत तिला जिल्हा विज्ञान प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं. द्राक्षांचे बेदाणे करायची, उन्हावर चालणारी वाळवणीपेटी तिने केली होती. दुसऱ्या दिवशी पेपरात शाळेचं नाव बरोबर, पेटीचं वर्णन बरोबर, आणि मुलगी कोण? ‘धागे’. तिच्या वडिलांनी पाच अंक विकत घेतले होते. गावाकडे एक पाठवला, तर चुलत्यांचा निरोप आला, ‘ही आपली पोरगी नव्हे, दुसरीच कुणीतरी आहे.’ ती दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

संपादकांना पत्र लिहायचं काम मराठीच्या सरांनी माझ्यावर टाकलं. मी तीन पानं लिहिली. त्यात ‘अक्षम्य निष्काळजीपणा’ होता, ‘लोकशाहीचा चौथा स्तंभ’ होता. सरांनी वाचलं आणि विचारलं, ‘चूक कुणाची, ते बघितलंस का?’

मग आम्ही शोधत गेलो. आधी प्रमाणपत्र पाहिलं. त्यावर ‘ढगे’ होतं. ते चुकलं असतं, तर संपादकांना लिहून काय उपयोग? आधी आयोजकांकडे जावं लागलं असतं. मग शाळेचं जनरल रजिस्टर पाहिलं, तिथेही बरोबर. शेवटी कार्यालयातून पेपरला गेलेल्या यादीची कार्बन प्रत सापडली. यादी इंग्रजी टाइपरायटरवर केलेली. रोमन लिपीत ढ आणि ध एकच, अ आणि आ एकच. त्यातून ढगे, धगे, ढागे, धागे असं काहीही वाचता येतं. उपसंपादकाने त्यातलं एक उचललं. विचारायला हवं होतं, हे खरं. पण कोडं आपणच घातलं होतं. सरांनी ‘निष्काळजीपणा’वर काट मारली.

नंतर त्यांनी आम्हा दोघांना सार्वजनिक वाचनालयात पाठवलं, त्या पेपरचे जुने अंक चाळायला. दुरुस्त्या ‘चूकभूल’ या मथळ्याखाली येत, दोन-तीन ओळींच्या. वाचकांची पत्रं वेगळ्या रकान्यात, घटना होऊन गेल्यावर आठ-दहा दिवसांनी. माझी तीन पानं तिथेच पडून राहिली असती. शेवटी पत्र गेलं ते एवढंच:

‘मा. संपादक यांस, स. न. वि. वि. आपल्या मंगळवारच्या अंकात पान ३ वर, विज्ञान प्रदर्शनाच्या बातमीत, पहिल्या पारितोषिकाच्या विद्यार्थिनीचे आडनाव चुकीचे छापले गेले आहे. योग्य आडनाव:

ढगे (ढगातला ढ, पुढे काना नाही)

आमच्याकडून यादी इंग्रजीत आली होती. प्रमाणपत्राची नक्कल सोबत आहे. कृपया दुरुस्ती त्याच पानावर द्यावी, ही विनंती.’

खाली मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का. वर ठळक अक्षरांत, ‘दुरुस्तीसाठी; पत्रव्यवहाराच्या सदरासाठी नाही’.

चुकीचं आडनाव पत्रात कुठेच नाही, हे लक्षात आलं का? मी ते लिहिलं होतं: ‘धागे नसून ढगे’. सर म्हणाले, ‘रात्रीच्या घाईत जुळारी पहिलं दिसेल ते उचलतो. त्याच्यासमोर एकच नाव ठेव.’ ढ असा सुटा सांगायची युक्तीही त्यांचीच. बाईंना मात्र ‘ढगातला’ हा शब्द सरकारी पत्रात शोभत नाही असं वाटलं होतं. बाई, तुम्ही समोरच बसला आहात, म्हणून सांगतो: चूक न होता छापलं गेलं ते त्याच शब्दामुळे, असं त्या कार्यालयातल्या मुद्रितशोधकाने मला स्वतः सांगितलं. पत्र टपालाने न टाकता संध्याकाळी हातानेच नेऊन दिलं होतं, तेव्हा त्याने ते माझ्यासमोरच मोठ्याने वाचलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुरुस्ती आली. पान तेच, पण तळाला, एका औषधाच्या जाहिरातीशेजारी. चूक लक्षात आल्यावर दुरुस्ती ठळकपणे आणि लवकर द्यावी, असं प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत आहे. तळाचा कोपरा ठळक म्हणायचा की नाही, यावर सर आणि मुख्याध्यापक बराच वेळ वाद घालत होते. पुन्हा पत्र लिहिलं नाही.

फलकावर बातमी लावताना कुणीतरी पेनने ‘धागे’चं ‘ढगे’ करायला निघालं होतं. सरांनी हात धरला. पेनने खोडलेल्या कात्रणावर गावाकडे कोण विश्वास ठेवणार? बातमी वर, दुरुस्ती खाली, दोन्हींशेजारी पेपरचं नाव आणि तारीख, असा एकच कागद त्यांनी चिकटवला. तसाच दुसरा कागद करून तिच्या वडिलांना दिला, तो चुलत्यांकडे गेला.

तो गावाकडचा कागद ती आज घेऊन आली आहे. बाहेरच्या टेबलावर, फोटोंच्या शेजारी ठेवलाय. चहाच्या वेळी बघा, पण हात कोरडे करून. डिंक सुटायला लागलाय.