पहिला बाक पुरत नाही



मूल अल्पदृष्टी असेल तर त्याला पहिल्या बाकावर बसवायचं, एवढं आपल्याला माहीत असतं. आठवीतल्या एका मुलीला मीही तसंच बसवलं होतं, उजवीकडच्या खिडकीशेजारी. तिला ॲल्बिनिझम आहे. अशा डोळ्यांत रंगद्रव्य कमी असतं, त्यामुळे उजेड फार त्रास देतो आणि बुबुळं सतत हलत राहतात. ती मान डावीकडे वळवून फळा बघायची आणि मी "सरळ बघ" म्हणून टोकायचे. पुढे नेत्रतज्ज्ञांनी सांगितलं, की मान त्या कोनात असली की तिची बुबुळं सगळ्यांत कमी हलतात. म्हणजे तिला स्पष्ट दिसण्याची जागा मीच मोडत होते.

मग तिला डाव्या रांगेत पुढे बसवलं. तिथून फळा उजवीकडे येतो, मान फारशी वळवावी लागत नाही. पण तिथून खिडकीचा उजेड फळ्यावर चमकायचा, म्हणून फळ्याजवळच्या खिडकीला पडदा लावला. फळ्यावर लिहिते ते मोठ्यानं बोलूही लागले. एक मात्र लक्षात ठेवा, ज्या मुलाला नळीतून पाहावं तसं फक्त मधलंच दिसतं, त्याला थोडं मागेच बसवावं लागतं. मागून फळ्याचा अधिक भाग त्याच्या नजरेत मावतो.

वाचायच्या कागदांचंही तसंच झालं. ए-फोर कागदाची ए-थ्री झेरॉक्स काढली, तर 12 पॉइंटचं अक्षर जेमतेम 17 होतं, पुसट छपाई पुसटच राहते आणि कागद बाकावर मावत नाही. शिवाय आपल्या लिपीत अनुस्वार आणि रफार बारीक, घ-ध, भ-म दिसायला जवळचे. "मध" आहे की "मघ", यावर ती अडायची. मी प्रश्न 18 पॉइंटच्या ठळक टायपात, ओळींत जास्त अंतर ठेवून नव्यानं टाइप केले. कागद तिरक्या स्टँडवर ठेवल्यावर तिची पाठ वाकेनाशी झाली.

परीक्षेसाठी सगळ्यांनी लेखनिक सुचवला. मी एकच धडा घेऊन दोन चाचण्या घेतल्या. लेखनिकाला सांगताना तिची गणितातली मांडणी तुटत होती. मोठ्या अक्षरांची प्रश्नपत्रिका आणि जाड काळं पेन दिल्यावर ती स्वतः नीट लिहीत होती, फक्त वेळ जास्त लागत होता. केंद्र सरकारच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत ताशी किमान 20 मिनिटं जादा देण्याची तरतूद होती, म्हणजे तीन तासांच्या पेपराला एक तास. तरी भूमितीच्या आकृतीतली बारीक अक्षरं तिला भिंगानंच वाचावी लागतात, आणि भिंग वापरायचा सराव आधीच झालेला हवा.

शिक्षकमित्रांनो, दहावीचा अर्ज भरण्याआधी, निदान नववीतच, अशा दोन चाचण्या घ्या. आणि लेखनिक हवा की नको, हे त्या मुलालाच विचारा.