एक अंक, दहापट फरक

कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत १९०९ साली सोरेन्सन यांनी आम्लता मोजण्याची सुटसुटीत रीत सुचवली. लिटरमागे हायड्रोजन आयन किती मोल, त्या आकड्याचा लॉगॅरिदम घ्यायचा आणि चिन्ह उलटवायचे. तोच पीएच.

हायड्रोक्लोरिक आम्ल लिटरमागे ०.०१ मोल असेल तर लॉग उणे २, म्हणून पीएच २. पाणी घालून ते दहापट पातळ केले की पीएच ३. तीव्रता दुप्पट केली, तर मात्र पीएच जेमतेम १.७ वर उतरतो, कारण २ चा लॉग ०.३ आहे.

कॉस्टिक सोड्यासारख्या आम्लारीत हायड्रॉक्साइडवरून आलेला आकडा १४ मधून वजा करतात. ०.०१ मोलला पीएच १२.

०.०१ मोलचे ते हायड्रोक्लोरिक आम्ल दहा लाख पट पातळ केले, तर सूत्र ८ दाखवते! आम्ल आम्लारी कसे होईल? पाण्याचे स्वतःचे आयन मोजायचे राहिलेले असतात. ते धरले की २५ अंश सेल्सिअसला खरा पीएच ६.९८ येतो.