जमावाचे कृत्य आणि राज्याची जबाबदारी

एखाद्या देशात संतप्त जमावाने परकीय वकिलातीचे फाटक मोडले आणि आतील माणसे धरून ठेवली, तर त्या देशाचे सरकार जबाबदार ठरते काय? ज्याचा माणूस आत अडकला आहे तो म्हणेल, ‘अर्थातच ठरते.’ त्या देशाचा परराष्ट्रमंत्री म्हणेल, ‘मुळीच नाही, तो जमाव होता, सरकार नव्हे.’ आंतरराष्ट्रीय कायद्याला ही दोन्ही उत्तरे जशीच्या तशी मान्य नाहीत. त्याचे उत्तर या दोहोंच्या मधले आहे, आणि ते कसे घडत गेले हे तेहरानच्या एका खटल्यावरून चांगले समजते.

त्यापूर्वी दोन शब्दांचा उलगडा केला पाहिजे. या विषयात ‘राज्य’ म्हणजे कर्नाटक किंवा महाराष्ट्र यांसारखे घटकराज्य नव्हे, तर भारत, इराण, अमेरिका यांसारखा सार्वभौम देश. दुसरा शब्द ‘आरोपण’. आज ‘आरोप’ म्हटले की दोषाचीच आठवण होते. परंतु अलंकारशास्त्र शिकलेल्यांना ठाऊक आहे की रूपकात उपमेयावर उपमानाचा आरोप केला जातो, म्हणजे एकाचे रूप दुसऱ्यावर ठेवले जाते. कायद्यातील आरोपणही याच जुन्या अर्थाचे आहे. कृत्य माणसाने केलेले असते. ते राज्याच्या अंगावर ठेवता येते की नाही, एवढाच तेथे प्रश्न असतो. ते कृत्य चूक की बरोबर, हा प्रश्न निराळा आणि त्यानंतरचा.

राज्याला स्वतःचे हातपाय नसतात. ते मंत्र्याच्या सहीने, न्यायाधीशाच्या निकालाने, शिपायाच्या बंदुकीने वागते. म्हणून अशा अधिकारी व्यक्तींचे वर्तन हे राज्याचेच वर्तन मानले जाते. पोलिसाने वर्दीच्या बळावर हुकमाबाहेर जाऊन काही केले तरीही. खाजगी माणसाची गोष्ट मात्र वेगळी. त्याचे कृत्य राज्याचे नव्हे, हा मूळ नियम. हा नियम नसता तर प्रत्येक सरकार आपल्या हद्दीतील प्रत्येक गुन्हेगाराचे जामीनदार झाले असते, आणि मग त्या जामिनकीच्या सबबीवर प्रत्येक नागरिकाला मुठीत ठेवण्याचा हक्कही त्याने सांगितला असता.

आता तेहरानकडे वळू. १९७९ च्या आरंभी इराणमध्ये क्रांती होऊन शहा देशाबाहेर गेले. त्याच वर्षी १४ फेब्रुवारीला सशस्त्र टोळीने तेथील अमेरिकन वकिलातीवर हल्ला केला. त्या वेळी नवे सरकार पुरते स्थिरस्थावरही झाले नव्हते. तरी त्याची माणसे धावून आली, हल्लेखोरांना बाहेर काढण्यात आले, आणि १ मार्चला पंतप्रधानांनी पत्राने खेद व्यक्त केला. ही घटना लक्षात ठेवावी, कारण पुढे न्यायालयाने ती मोजपट्टीसारखी वापरली.

ऑक्टोबरमध्ये शहांना उपचारासाठी अमेरिकेत प्रवेश मिळाला आणि तेहरानमधील वातावरण तापले. ४ नोव्हेंबर १९७९ रोजी वकिलातीवरून जाणाऱ्या मोर्चातील एका सशस्त्र गटाने आत घुसून इमारती ताब्यात घेतल्या. हे सगळे घडायला तीन तासांच्या आसपास वेळ लागला. या अवधीत वकिलातीने मदतीसाठी वारंवार निरोप पाठवले. वकिलातीचे प्रभारी प्रमुख त्या वेळी इराणच्या परराष्ट्र मंत्रालयातच होते, त्यांनीही तेथे विनवण्या केल्या. कोणी आले नाही. पहाऱ्यावरचे सुरक्षारक्षक जागेवरून दिसेनासे झाले. दुसऱ्या दिवशी तब्रीझ आणि शिराझ येथील अमेरिकन वाणिज्य कचेऱ्याही ताब्यात गेल्या.

अमेरिकेने २९ नोव्हेंबरला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात अर्ज केला. इराण न्यायालयात हजर झाला नाही, त्याने केवळ पत्रे पाठवली. न्यायालयाने २४ मे १९८० रोजी निकाल दिला. निकालाची मौज अशी की, आरोपणाच्या पहिल्याच प्रश्नावर त्याने फिर्यादीच्या बाजूने कौल दिला नाही. ४ नोव्हेंबरचे हल्लेखोर राज्याच्या वतीने वागत होते काय? तसे म्हणण्यासाठी राज्याच्या एखाद्या अधिकारी यंत्रणेने त्यांच्यावर ती विशिष्ट कामगिरी सोपवली होती असे दिसले पाहिजे. तसे दिसले नाही. हल्ल्याच्या तीनच दिवस आधी खोमेनी यांनी विद्यार्थ्यांना अमेरिकेविरुद्धचे हल्ले वाढवण्याचे आवाहन केल्याचा वृत्तांत न्यायालयापुढे होता. न्यायालय म्हणाले, असे सर्वसाधारण आवाहन म्हणजे या वकिलातीत घुसण्याचा हुकूम नव्हे. हल्ल्यानंतर झालेले अभिनंदनही त्या हल्ल्याचे मूळ स्वरूप पालटू शकत नाही. भाषणाने पेटलेला मनुष्य आणि हुकमाने निघालेला मनुष्य यांतील हा फरक पुष्कळांना रुचत नाही. पण तो पुसला तर प्रत्येक जहाल भाषण हे सरकारी फर्मान ठरेल.

मग इराण सुटला काय? नाही. जमावाचे कृत्य बाजूला ठेवून न्यायालयाने इराणच्या स्वतःच्या वर्तनाकडे पाहिले. १९६१ च्या राजनैतिक संबंधविषयक व्हिएन्ना करारानुसार यजमान देशाने वकिलातीत स्वतः न घुसणे एवढेच पुरेसे नाही. इतरांच्या घुसखोरीपासून तिचे रक्षण करण्यासाठी सर्व योग्य उपाय योजणे हेही त्याचे खास कर्तव्य आहे. न्यायालयाने चार गोष्टी क्रमाने तपासल्या. इराणी अधिकाऱ्यांना आपले कर्तव्य माहीत होते काय? होते, करार त्यांनी स्वीकारलेला होता. तातडीने काही करण्याची गरज त्यांना कळली होती काय? होती; निरोपावर निरोप येत होते. साधने हाताशी होती काय? होती, फेब्रुवारीत तीच वापरली होती, आणि त्याच नोव्हेंबरात ब्रिटिश वकिलातीत शिरलेल्या लोकांनाही थोड्याच वेळात बाहेर पडावे लागले होते. आणि त्यांनी काही केले काय? नाही. म्हणजे फाटक मोडण्याचे कृत्य इराणचे नव्हते, पण हातावर हात ठेवून बसण्याचे कृत्य इराणचेच होते. जबाबदारी आली ती या दुसऱ्या वाटेने.

अशा प्रकरणांत तिसरी कसोटीच बहुधा निर्णायक होते. सरकारजवळ बळच नव्हते, राजधानीच त्याच्या हातून गेली होती, असे खरोखर असते तर निकाल वेगळा लागू शकला असता. कर्तव्य प्रयत्नांचे आहे, यशाची हमी देण्याचे नव्हे. म्हणूनच आधीच्या वर्तनाचा पुरावा इतका बोलका ठरतो: जे नऊ महिन्यांपूर्वी जमले ते आता का जमले नाही, या प्रश्नाला उत्तर उरत नाही.

खटल्याचा खरा कळस मात्र यापुढे आहे. वकिलात ताब्यात गेल्यानंतर इराणच्या परराष्ट्रमंत्र्यांनी या कृत्याला सरकारचा पाठिंबा असल्याचे सांगितले, आणि १७ नोव्हेंबरला खोमेनी यांनी फर्मान काढले: शहांना खटल्यासाठी परत पाठवले जाईपर्यंत आणि त्यांची संपत्ती परत मिळेपर्यंत वकिलात व ओलीस आहेत तसेच राहतील. न्यायालयाच्या मते येथे कृत्याचा मालक बदलला. जे खाजगी होते ते राज्याने आपले म्हणून स्वीकारले आणि चालू ठेवण्याचे धोरण केले. तेव्हापासून ओलिसांची कोंडी हे इराण राज्याचेच कृत्य झाले, आणि त्यांना धरून ठेवणारे विद्यार्थी राज्याचे हस्तक बनले. आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने २००१ मध्ये राज्यजबाबदारीविषयी जी कलमे पूर्ण केली, त्यांतील अकरावे कलम याच तत्त्वाचे आहे. तेथेही नुसता पाठिंबा किंवा शाबासकी पुरत नाही. ‘बरे झाले’ म्हणणे वेगळे आणि ‘हे आमचे’ म्हणून ते पुढे चालवणे वेगळे.

अमेरिकेने पंचवीस वर्षे आमच्या कारभारात ढवळाढवळ केली, असे इराणचे म्हणणे होते. ते सर्वस्वी निराधार होते असे १९५३ चा इतिहास वाचणारा म्हणणार नाही. परंतु न्यायालयाने सांगितले की, मुत्सद्द्यांनी अधिकाराचा दुरुपयोग केल्यास त्यांना देशाबाहेर घालवावे किंवा संबंधच तोडावेत, हे उपाय याच कायद्याने दिलेले आहेत. ओलीस ठेवणे हा उपाय त्यात नाही. निकालाने कोठडीची दारे मात्र उघडली नाहीत. शेवटचे बावन्न ओलीस अल्जीरियाच्या मध्यस्थीने झालेल्या करारानंतर, २० जानेवारी १९८१ रोजी, ४४४ दिवसांनी सुटले.

वकिलातीचे फाटक राजधानीतच असते. पण सीमेपलीकडे लढणाऱ्या टोळ्यांना शेजारच्या अथवा दूरच्या राज्याने पोसले तर? निकाराग्वाच्या खटल्यात १९८६ मध्ये हा प्रश्न आला. त्या वेळी न्यायालयाचे अध्यक्ष भारताचे नागेंद्र सिंह होते. अमेरिकेने ‘काँट्रा’ बंडखोरांना पैसा, शस्त्रे, प्रशिक्षण, सारे काही पुरवले होते. न्यायालयाने ठरवले की बंडखोरांनी केलेले अत्याचार अमेरिकेवर ठेवण्यासाठी एवढे पुरत नाही. ज्या मोहिमेत ते अत्याचार झाले तिच्यावर तिचे प्रत्यक्ष आणि परिणामकारक नियंत्रण दाखवले पाहिजे. बंदरांत सुरुंग पेरणारी माणसे अमेरिकेच्या हुकमाने आणि देखरेखीखाली वागत होती, तेव्हा ते कृत्य तिच्यावर आले. बंडखोरांना पोसणे हे मात्र अमेरिकेचे स्वतःचे कृत्य म्हणून बेकायदा ठरले. पुढे १९९९ मध्ये युगोस्लाव्हियासाठीच्या फौजदारी न्यायाधिकरणाने तादिच खटल्यात, संघटित सैन्यदलाच्या बाबतीत एकंदर नियंत्रण असले तरी चालेल, अशी सैल कसोटी मांडली. पण हेगच्या न्यायालयाने तिला आरोपणाची कसोटी मानले नाही, आणि पुरावा गोळा करणाऱ्या देशाचे काम कठीणच राहिले. गुप्त हुकूम कागदावर क्वचितच सापडतो.

बोस्नियाने सर्बियाविरुद्ध चालवलेल्या खटल्याचा निकाल २६ फेब्रुवारी २००७ रोजी लागला, तेव्हा याचा प्रत्यय आला. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनिका येथे बोस्नियन सर्ब सैन्याने सात हजारांहून अधिक मुस्लिम पुरुष व मुलगे ठार केले. तो वंशसंहार होता, असे न्यायालयाने मान्य केले. त्या सैन्यातील पुष्कळ अधिकाऱ्यांचे वेतन बेलग्रेडहून येत होते. तरीही त्या कत्तलीचा हुकूम बेलग्रेडने दिला किंवा त्या मोहिमेवर त्याचे नियंत्रण होते, हे सिद्ध झाले नाही. वंशसंहार सर्बियाचे कृत्य ठरला नाही. येथे पुन्हा तेहरानची दुसरी वाट उघडली. बेलग्रेडला धोक्याची जाणीव होती, त्या सैन्यावर वजन टाकण्याची ताकद होती, आणि त्याने काही केले असे दिसले नाही. त्यामुळे वंशसंहार रोखण्याचे आणि त्याबद्दल शासन करण्याचे कर्तव्य सर्बियाने मोडले, असा निर्णय झाला.

या वाटेचे मोल किती, हे निकालाच्या अखेरीस दिसते. सर्बियाने प्रयत्न केला असता तर कत्तल टळलीच असती असे पुरेशा निश्चितीने म्हणता येत नाही, म्हणून न्यायालयाने नुकसानभरपाई दिली नाही. स्रेब्रेनिकातील विधवांना आणि मातांना या खटल्यातून मिळाले ते एवढेच: सर्बिया आपल्या कर्तव्यात चुकला, अशी निकालपत्रातील घोषणा.