व्हेंडर कोड मिळवायचा मेल

मागच्या भागानंतर इंदूर, बेळगाव, हैदराबाद अशा बऱ्याच ठिकाणांहून जवळपास एकच प्रश्न आला. मोठ्या कंपनीच्या परचेसला आम्ही कंपनी प्रोफाइल पाठवतो, कागद पाठवतो, आणि नंतर काहीच होत नाही. मेल पोचला की नाही, तेही कळत नाही.

मेल पोचलेला असतो. फक्त तो ज्याने उघडला, त्याला त्याचं पुढे काय करायचं ते कळलेलं नसतं. परचेसचा माणूस तुमचा कोड स्वतः काढत नाही. तो तुमचा मेल मास्टर डेटा नावाच्या टीमकडे ढकलतो, आणि तिथे बसलेल्या मुलाने तुमचं नावही कधी ऐकलेलं नसतं. त्याच्यासमोर एक फॉर्म असतो. नाव, पॅन, जीएसटी, बँक, एमएसएमई. त्याला तुमच्या मेलमधून उचलून हे रकाने भरायचे असतात. एक रकाना अडला की फाइल बाजूला. म्हणून मेल त्या मुलासाठी लिहायचा.

एक उदाहरण घेऊ. समजा, वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसीत एका मराठी गृहस्थांचा शीट मेटलचा कारखाना आहे. इलेक्ट्रिकल पॅनलच्या पेट्या बनवतात. प्रोप्रायटरशिप आहे, 14 कामगार, वर्षाची उलाढाल 1 कोटी 80 लाख. त्यांना एका मोठ्या कंपनीत नोंदणी करायची आहे. विषयाची ओळ अशी:

```
Vendor Registration: Sheet Metal Enclosures, Vadodara
(Micro Enterprise, GST Regular) - 7 attachments
```

काय विकतो, कुठून, कोणत्या वर्गात बसतो आणि किती कागद जोडलेत, हे मेल उघडण्याआधीच दिसलं. 'रिक्वेस्ट फॉर बिझनेस' असा विषय लिहिला तर सहा महिन्यांनी मेल शोधायला गेलेल्या माणसालाही तो सापडत नाही.

आता खरी अडचण, आणि माझ्या मते निम्म्या फायली इथेच अडतात. नाव! प्रोप्रायटरशिपला वेगळं पॅन नसतं, पॅन मालकाचं असतं. पॅनचं चौथं अक्षर बघा. पी असेल तर व्यक्ती, एफ असेल तर भागीदारी फर्म, सी असेल तर कंपनी. जीएसटी नंबर 15 अक्षरांचा. पहिले दोन आकडे राज्याचे, गुजरातसाठी 24, महाराष्ट्रासाठी 27. पुढची दहा अक्षरं म्हणजे तुमचं पॅन जसंच्या तसं. त्यामुळे जीएसटी प्रमाणपत्रावर लीगल नेम म्हणून मालकाचं नाव येतं आणि ट्रेड नेम म्हणून कारखान्याचं. बँकेत करंट अकाउंट असतं कारखान्याच्या नावाने, म्हणून रद्द केलेल्या चेकवर कारखाना छापलेला. आता त्या मुलासमोर पॅनवर एक नाव, चेकवर दुसरं. त्याला ही दोन माणसं वाटतात, आणि पैशाच्या बाबतीत शंका आली की तो थांबणारच. त्याने थांबावं हेच बरोबर आहे.

उपाय एका ओळीचा. मेलच्या सुरुवातीलाच लिहा की अमुक कारखाना ही अमुक यांची प्रोप्रायटरशिप आहे, पॅन मालकाच्या नावे आहे, जीएसटी प्रमाणपत्रावर दोन्ही नावं आहेत, आणि बँक खातं ट्रेड नेमने आहे. आणि जीएसटी प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म आरईजी-06 सगळ्या पानांसकट जोडा. बरेच जण फक्त पहिलं पान पाठवतात. मालकाचं नाव आणि जादा जागांचे पत्ते पुढच्या पानांवर असतात.

दुसरी गोष्ट, जे लागू नाही ते. ईएसआय 10 कामगारांपासून लागू होतं, प्रॉव्हिडंट फंड 20 पासून. आपल्या कारखान्यात 14 आहेत. म्हणजे ईएसआयचा नंबर आहे, पीएफचा नाही. बहुतेक जण पीएफबद्दल गप्प बसतात, कारण नसलेली गोष्ट कशाला सांगायची? पण फॉर्ममध्ये रकाना रिकामा दिसला की समोरच्याला कळत नाही की लागू नाही, की द्यायचं राहिलं, की लपवलंय. तेव्हा स्पष्ट लिहा: 'कामगार 14, पीएफ लागू नाही, सहीशिक्क्याचं पत्र सोबत.' ई-इन्व्हॉइसचंही तसंच. 5 कोटींच्या वर उलाढाल असेल तर ते लागतं, यांना लागत नाही. तेही पत्रात एका वाक्यात येतं.

आता उद्यम. यावर थोडं थांबतो. काही जण उद्यम नंबर मुद्दाम देत नाहीत. त्यांना वाटतं, एमएसएमई म्हटलं की पैसे लवकर द्यावे लागतील, म्हणून कंपनी आपल्याला टाळेल. ही भीती अगदीच खोटी नाही. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं पेमेंट लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत द्यावं लागतं. 1 एप्रिल 2024 पासून आयकरात 43बी (एच) ही तरतूद आली. मुदत उलटून पैसे थकले आणि वर्ष संपलं, तर तो खर्च कंपनीला त्या वर्षी वजा करता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच येतो. म्हणजे कंपनीच्या अकाउंट्सला तुमचा वर्ग आधीपासून माहीत असणं गरजेचं आहे. मार्चमध्ये ऑडिटरने विचारल्यावर तुमचा उद्यम नंबर बाहेर आला, तर परचेसचा माणूस अडचणीत येतो आणि पुढची ऑर्डर देताना ते विसरत नाही. माझं मत विचाराल तर पहिल्याच मेलमध्ये द्यावा.

मात्र प्रमाणपत्र नीट वाचून द्या. त्यावर वर्ग असतो आणि व्यवसायाचा प्रकारही. उत्पादन किंवा सेवा असेल तर वरचा फायदा मिळतो. तुम्ही माल आणून विकत असाल, म्हणजे ट्रेडर असाल, तर उद्यम असूनही हे पेमेंटचं संरक्षण नाही, बँकेच्या प्राधान्य कर्जापुरताच उपयोग आहे. ट्रेडरने 45 दिवसांचा दावा मेलमध्ये लिहिला की समजणारा माणूस बाकीचा मेलही संशयाने वाचतो.

आयएसओ असेल तर जोडा, पण मुदत आणि स्कोप बघून. प्रमाणपत्रावर 'ट्रेडिंग' लिहिलंय आणि तुम्ही पेट्या बनवता, हे क्वालिटीवाल्याला लगेच दिसतं. नसेल तर चार दिवसांत मिळणारं विकत घेऊ नका. त्याऐवजी खरं लिहा: येणारा पत्रा कशाने मोजता, पावडर कोटिंगची जाडी कशी तपासता, टेस्ट रिपोर्ट प्रत्येक लॉटबरोबर देता का.

फायलींची नावं अशी द्या:

```
01_GST_REG06.pdf
02_PAN_Proprietor.pdf
03_Udyam.pdf
04_Cancelled_Cheque.pdf
05_ESIC.pdf
06_Declaration_PF_eInvoice.pdf
07_Machine_List.pdf
```

मेलमध्ये हीच यादी याच क्रमाने, प्रत्येकीपुढे नंबर आणि मुदत असेल तर ती. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले तिरके फोटो नकोत, स्कॅन हवा. सगळं मिळून 10 एमबीच्या आत ठेवा, त्याहून मोठे मेल अनेक कंपन्यांचे सर्व्हर परत पाठवतात किंवा अडकवून ठेवतात.

पाठवण्याच्या दिवशी जीएसटी पोर्टलवर स्वतःचा नंबर टाकून बघा. समोरचाही तेच करणार आहे. तिथे तुमची नोंदणी चालू आहे का आणि 3बी रिटर्न कधी भरलं, हे कुणालाही दिसतं. तुम्ही रिटर्न चुकवलं तर त्यांचं इनपुट क्रेडिट अडकतं, म्हणून ते आधी हेच पाहतात. एखादा महिना राहिला असेल तर आधी भरा, मग मेल पाठवा.

आठ-दहा दिवसांनी उत्तर नसेल तर नवा मेल लिहू नका, त्याच मेलला रिप्लाय करा, म्हणजे जोडलेले कागद खाली सापडतात. विचारायचं एकच: 'फाइल मास्टर डेटाकडे गेली का, आणि एखादा कागद अडलाय का?' कोड आला की त्या कंपनीच्या सिस्टीममध्ये तुमचं नाव, पत्ता आणि बँक खातं कसं चढलंय, याचा स्क्रीनशॉट मागून घ्या. खात्याचा एक आकडा चुकला असेल तर तो पहिल्या बिलाच्या आधीच दुरुस्त होतो.