कुत्रा मेला, सिंह आहे

आज एकाच कवितेबद्दल बोलायचे आहे. ती महाराष्ट्री प्राकृतातली आहे, दोन ओळींची आहे आणि हालाच्या गाथासप्तशतीत आहे. एक स्त्री कुणा धार्मिक माणसाला सांगते की आता निर्धास्त हिंड, तो कुत्रा आज मारला गेला. गोदावरीकाठच्या झाडीत राहणाऱ्या त्या मस्तवाल सिंहाने त्याला मारले. कविता इथेच संपते. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त हिचे उदाहरण घेतले, कारण शब्द 'हिंड' म्हणतात आणि अर्थ निघतो 'फिरकू नकोस'. आपल्या शहराच्या काशीमिऱ्याकडच्या अंगाला संजय गांधी उद्यान आहे. तिथल्या माणसाला कुणी म्हटले की गल्लीतला भुंकणारा कुत्रा काल बिबट्याने नेला, आता खुशाल रात्रीचा फिर, तर तो काय समजायचे ते समजतो.

पण या गाथेतले सारेच मौन एका जातीचे नाही. 'येऊ नकोस' हा अर्थ कवितेच्या शब्दांतून निघतो. बाईला केवळ दिलासा द्यायचा असता तर कुत्रा मेला एवढे पुरे होते. मारेकऱ्याचा पत्ता सांगायची गरज नव्हती. तिने सिंह झाडीतून गेला असे म्हटलेले नाही, तो तिथे राहतो असे म्हटले आहे. शिवाय घटना आजची आहे. वर ती 'त्या' सिंहाने म्हणते, जणू त्याची कीर्ती ऐकणाऱ्याच्या कानी आधीच गेली आहे. दिलाशाला न लागणारे हे शब्द भीतीला मात्र नेमके लागतात. न बोललेले वाचायचे म्हणजे आधी बोललेल्यातले असे जादा शब्द वेचायचे.

आता दुसरे मौन पाहा. ही बाई त्याला का हाकलते? परंपरेचे उत्तर असे की ती झाडी तिचे संकेतस्थळ आहे, आणि फुलेपाने खुडायला येणाऱ्या या सज्जनामुळे तिच्या भेटीत विघ्न येते. 'ध्वन्यालोका'चा टीकाकार अभिनवगुप्त याने हाच प्रसंग मांडला, आणि तो इतका रुळला की कवितेतच आहे असे वाटू लागते. पण गाथेत प्रियकर नाही, संकेत नाही, एक फूलसुद्धा नाही. गाथासप्तशतीतल्या इतर गाथा वाचलेल्याला नदीकाठची झाडी दिसली की प्रेमिकांची भेट आठवते, म्हणून हा अर्थ पटतो. मला स्वतःलाही तो पटतो. मात्र त्याची खात्री पहिल्या अर्थाइतकी नाही. पहिला अर्थ नाकारणाऱ्याला गाथेतले तीन शब्द दाखवता येतात. दुसरा नाकारणाऱ्याला फक्त बाकीचा संग्रह दाखवता येतो.

पहिल्या अर्थावर अकराव्या शतकातल्या महिमभट्टाचा आक्षेप आजही ताजा आहे. 'व्यक्तिविवेका'त तो म्हणतो की यात आनंदवर्धन म्हणतो तो ध्वनी वगैरे काही नाही, हे साधे अनुमान आहे: कुत्र्याला भिणारा माणूस सिंह असलेल्या जागी जाणार नाही. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त याचे दिलेले उत्तर मला फार आवडते. भित्रा माणूसही गुरूच्या आज्ञेने किंवा प्रियेच्या ओढीने भीतीच्या जागी जातो. कुत्र्याला टाळणारा माणूस सिंहापुढे शूर असू शकतो. आणि मुळात सिंह आहे हे कुणी पाहिले? ते सांगते ही बाई, आणि तिच्या शब्दावर विसंबावे तरी कशासाठी! सिंह खोटा असला तरी कवितेचा अर्थ खरा राहतो. अनुमानाला ही चैन परवडत नाही.

मग दुसरा आक्षेप येतो: असे असेल तर वाचक हवे ते घुसडेल. घुसडतो, हे मान्य. शब्दांच्या उलट अर्थ घ्यायचा असे सूत्र करून टाकले की हमखास घुसडतो. म्हणून आनंदवर्धनाने लगेच उलटे उदाहरण दिले. सासू इथे झोपते, मी इथे. वाटसरा, उजेडीच पाहून ठेव, रात्री आमच्या अंथरुणावर पडू नकोस. इथे निषेधाच्या पोटात आमंत्रण आहे, आणि खूण पुन्हा एका जादा शब्दाची आहे: ती त्याला रातांधळा म्हणते. अंथरूण कुणाचे, हे सांगणाऱ्या एका छोट्या प्राकृत शब्दाचा अर्थ 'माझ्या' असाही होतो. अभिनवगुप्त म्हणतो की इथे तो 'आम्हा दोघींच्या' असाच घ्यावा, कारण ती नुसते 'माझ्या' म्हणाली असती तर संशय आला असता.