वर्गाचे नियम मुलांसह कसे ठरवावेत?



जूनमध्ये शाळा उघडली की वर्गाच्या भिंतीवर नियमांचा तक्ता लागतो. 'बोलू नये', 'उशिरा येऊ नये', 'कचरा करू नये'. तो लिहितात गुरुजी, आणि त्याची आठवण देतात तेही गुरुजीच. हेच नियम मुलांसह बसून कसे ठरवावेत, एवढेच मी आज सांगणार आहे.

सातवीचा 40 मुलांचा वर्ग धरा. पहिल्या आठवड्यातला एक तास पुरतो. जे चर्चेने बदलणार नाही ते शिक्षकाने आधीच सांगावे : शाळेची वेळ ठरलेली आहे, कोणी कोणाला मारणार नाही, जातीवरून वा व्यंगावरून चिडवणार नाही. ठरलेल्या गोष्टीवर मत मागणे म्हणजे मुलांची फसवणूक होय.

मग प्रत्येकाने 3 मिनिटे एकट्याने चिठ्ठीवर लिहावे. हे टाळले तर पुढच्या बाकावरची चार मुलेच बोलतात आणि नियम त्यांचेच होतात. नंतर चार-चार मुलांच्या गटाने एकेक सूचना निवडावी. दहा सूचना येतील; सारख्या एकत्र करून चार-पाचच ठेवाव्यात. जास्त नियम लक्षात राहत नाहीत.

चर्चा साधारण अशी चालवावी :

शिक्षक : वर्गात नीट शिकता यावे म्हणून काय हवे?

मुलगी : कोणी बोलू नये.

शिक्षक : मग शंका कशी विचारायची?

मुलगी : एक जण बोलत असताना बाकीच्यांनी ऐकावे.

शिक्षक : असेच लिहू या. हा नियम मलाही लागू ना?

मुले : हो, सर!

शिक्षक : कोणी मोडला तर?

मुलगा : दहा रुपये दंड!

शिक्षक : ज्याच्या घरी दहा रुपये नाहीत त्याचे काय? आणि जिचे बोलणे तुटले, तिला त्या दंडातून काय मिळाले?

मुलगा : मग तिला पुन्हा पहिल्यापासून बोलू द्यावे, आणि मध्ये बोलणाऱ्याने ती काय म्हणाली ते सांगावे.

मुले अनेकदा उठाबशाही सुचवतात. सर्वांनी हात वर केले तरी ते मान्य करता येत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली आहे. ज्याने जे बिघडवले ते त्याने सुधारावे, हे सूत्र ठेवावे.

दोन आठवड्यांनी शनिवारी तक्ता पुन्हा वाचावा. एखादा नियम रोज मोडत असेल तर कारण विचारावे. उशिरा येणारी मुलगी घरचे पाणी भरून, धाकट्या भावाला बालवाडीत सोडून येत असेल. शाळेची वेळ बदलता येत नाही, पण नियम असा करता येतो : उशीर झाला तर मागच्या बाकावर शांतपणे बसावे आणि राहिलेले शेजारणीकडून समजून घ्यावे.

नियम मुलांचे झाले की नाही, हे ओळखणे सोपे आहे. तक्त्याकडे बोट दाखवून एखादी मुलगी म्हणते, "सर, त्याचे बोलणे अजून संपले नाही." त्या वेळी शिक्षक थांबले, तर ते नियम वर्गाचे झाले.